पोवळं पांढरं पडतं तेव्हा

नाशिकच्या सराफ बाजारात पोवळं मागितलं की सराफ लालबुंद खडा काढून दाखवतो. मंगळासाठी तो अंगठीत घालतात, त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच मुलांनी तो आजोबांच्या नाहीतर मामाच्या बोटात पाहिलेला असतो. रविवारच्या विज्ञान वर्गात मी प्रवाळाचा विषय काढला, तेव्हा आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, बाबांच्या अंगठीतलं पोवळं मला कळायला लागल्यापासून लालच आहे. मग समुद्रातलं पांढरं कसं पडतं?"

प्रश्न अगदी नेमका आहे, कारण उत्तर रंग कुठे असतो यावरच अवलंबून आहे. अंगठीतलं लाल पोवळं भूमध्य समुद्रासारख्या ठिकाणी, कमी उजेडाच्या पाण्यात वाढतं. त्याचा लाल रंग त्याच्या सांगाड्यातच मुरलेला असतो. म्हणून प्राणी मेला, सांगाडा घासूनपुसून खडा केला, तरी रंग तसाच राहतो. लक्षद्वीपला उथळ, उन्हाने उजळलेल्या पाण्यात जे प्रवाळ मोठमोठे खडक बांधतात, त्यांचं उलट आहे. त्यांचा सांगाडा पांढराशुभ्र असतो आणि रंग असतो तो वरच्या मांसल थरात. तो थर जेमतेम काही मिलिमीटर जाडीचा.

हे डोळ्यांनी दिसावं म्हणून आम्ही वर्गात दोन वाट्या घेतल्या. दोन्हींत अंड्याच्या कवचाचा एकेक तुकडा ठेवला. कवच आणि प्रवाळाचा सांगाडा दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटचे. लिंबू पिळलं तर दोन्हींवर बुडबुडे येतात. मग चायना ग्रास उकळून एका वाटीत तसंच ओतलं, दुसरीत पालकाचा रस मिसळून ओतलं. थिजल्यावर पहिल्या वाटीत कवच लख्ख पांढरं दिसत होतं, दुसरीत नुसता हिरवा गोळा. दोन्हीकडे कवच तेच, जेली तीच. फरक फक्त आत काय मिसळलंय त्याचा. प्रवाळाचं पांढरं पडणं म्हणजे दुसऱ्या वाटीची पहिली वाटी होणं.

त्या जेलीच्या जागी समुद्रात असतो एक प्राणी, पॉलिप नावाचा. पिशवीसारखं शरीर, वर तोंड, तोंडाभोवती स्पर्शकांची झालर. एका प्रवाळावर असे हजारो पॉलिप शेजारी शेजारी राहतात आणि खाली चुना बांधत वर सरकतात. पालकाच्या रसाच्या जागी असतं एकपेशीय शैवाल. ते पॉलिपच्या पेशींच्या आत राहतं, तेही दाटीवाटीने: नखाएवढ्या जागेत, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरमध्ये, सुमारे दहा लाख पेशी. शास्त्रज्ञ त्यांना झूझँथेली म्हणतात. शैवाल उन्हात साखर तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतं. पॉलिपला लागणाऱ्या ऊर्जेपैकी ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जा अशी घरातच मिळू शकते. बदल्यात शैवालाला राहायला जागा मिळते आणि पॉलिपने टाकलेला कार्बन डायऑक्साइड व नायट्रोजन खायला मिळतो.

मग हे घर मोडतं कशाने? पाणी तापल्याने. पण नुसत्या उष्णतेने नाही, उष्णता आणि ऊन या जोडीने. पिठाची गिरणी डोळ्यांसमोर आणा. वरून धान्य पडतंय, खाली पीठ येतंय. आता जातं अडकलं आणि वरचं धान्य मात्र थांबवता येत नाही, तर ते सगळीकडे सांडणार. शैवालाच्या आत असंच होतं. तापलेल्या पाण्यात प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते, ऊन मात्र पडतच राहतं. त्या उन्हाची ऊर्जा साखरेत जात नाही, तर ऑक्सिजनची घातक रूपं तयार करते. ती आधी शैवालाला आणि मग पॉलिपच्या पेशींना इजा करतात. काल जे शैवाल जेवू घालत होतं, तेच आज आतून जाळायला लागतं. पॉलिप त्याला बाहेर टाकतो, आणि पारदर्शक मांसातून खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच ब्लीचिंग किंवा विरंजन म्हणतात.

किती तापलं की हे होतं? नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एक अंश जास्त आणि तेही काही आठवडे, एवढं पुरतं. हे ऐकून वर्गात हसू फुटलं. नाशिककर मुलांना एका अंशाचं काय! निफाडला थंडीत पहाटे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो आणि त्याच दिवशी दुपारी स्वेटर काढावा लागतो. पण समुद्राचं पाणी असं वरखाली होत नाही. प्रवाळाने हजारो वर्षं तिथल्या उन्हाळ्याशी जुळवून घेतलंय आणि तो आपल्या सोसण्याच्या मर्यादेच्या अगदी कडेला राहतो. वर सरकायला त्याला जागाच नाही.

म्हणून शास्त्रज्ञ फक्त तापमान बघत नाहीत, किती तापलं आणि किती दिवस तापलं याचा एकत्र हिशोब ठेवतात. अमेरिकेच्या नोआ या संस्थेचा 'कोरल रीफ वॉच' विभाग उपग्रहाच्या मदतीने हा हिशोब जगभर करतो. पद्धत आठवीच्या मुलांना जमेल इतकी सोपी आहे, म्हणून आम्ही ती फळ्यावर केली.

आधी त्या जागेचा सर्वांत उष्ण महिना घ्यायचा आणि त्याचं अनेक वर्षांचं सरासरी तापमान काढायचं. सोयीसाठी ते ३० अंश धरू. मग दर आठवड्याला पाणी त्याच्या किती वर गेलं ते पाहायचं. वाढ एक अंशाहून कमी असेल तर ती सोडून द्यायची. एक किंवा जास्त असेल तर पूर्ण वाढ वहीत मांडायची, आणि गेल्या १२ आठवड्यांची बेरीज करायची.

समजा एप्रिलच्या सुरुवातीला दोन आठवडे पाणी ३०.४ आणि ३०.८ अंश होतं. मांडायचं शून्य. पुढचे पाच आठवडे ३१.०, ३१.२, ३१.५, ३१.३ आणि ३१.१. म्हणजे १ अधिक १.२ अधिक १.५ अधिक १.३ अधिक १.१, बेरीज ६.१. या आकड्याचं एकक 'अंश-आठवडे'. बेरीज ४ झाली की विरंजन ठळक दिसू लागण्याची शक्यता असते, ८ झाली की ते तीव्र होतं आणि प्रवाळ मरू लागतात. आपल्या उदाहरणात चौथ्या तापलेल्या आठवड्यातच बेरीज ५ झाली, म्हणजे ४ ची रेघ ओलांडली गेली.

इथे मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "पाऊस आला तर?" मला हा प्रश्न फार आवडला, कारण लक्षद्वीपला सगळं तिथेच ठरतं. तिथे पाणी एप्रिल-मेमध्ये सर्वांत तापतं. मग मोसमी वारे येतात, ढग ऊन अडवतात, लाटा खालचं थंड पाणी वर आणतात. आपल्या फळ्यावर पाऊस वेळेवर आला तर हिशोब ६.१ वर थांबतो. तो तीन आठवडे रेंगाळला आणि पाणी ३१ वरच राहिलं, तर बेरीज ९.१ होते. मोसमी पावसाची वाट त्र्यंबकच्या भातशेतीइतकीच तिकडचं प्रवाळही बघतं.

या हिशोबाला मर्यादा आहेत. उपग्रह पाण्याचा फक्त वरचा पापुद्रा पाहतो, तेही सुमारे पाच किलोमीटरच्या चौकटीची एकच नोंद करून. चौकटीत एखादा थंड प्रवाह असेल, कुठे ढगांची सावली राहिली असेल, तर ते आकड्यात दिसत नाही. शिवाय सगळी प्रवाळं सारखी नसतात. झुडपासारखी फांद्या फुटलेली ॲक्रोपोरा जातीची प्रवाळं पहिली बळी पडतात. गोल गोट्यासारखी, वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढणारी पोराइट्स बरंच सोसतात. म्हणून शेवटी कुणीतरी पाण्यात उतरून बघावंच लागतं.

उतरल्यावर काय बघायचं? पांढरं म्हणजे मेलेलं नव्हे, हे आधी लक्षात ठेवा. पांढऱ्या प्रवाळावर जवळून पारदर्शक पॉलिप दिसत असतील, तर तो जिवंत आहे, फक्त उपाशी आहे. काही प्रवाळं या काळात चमकदार जांभळी-निळी होतात. बघायला ती सुंदर दिसतात, पण तीही आजारीच असतात. पाणी लवकर निवलं तर आत उरलेलं थोडं शैवाल पुन्हा वाढतं आणि काही आठवड्यांत, महिन्यांत रंग परततो. उपास लांबला तर मांस गळून पडतं. मग उघड्या सांगाड्यावर बुळबुळीत हिरवट-तपकिरी लव उगवते. ती दिसली की समजायचं, आत आता कुणी नाही.

लक्षद्वीपने हे चारदा मोठ्या प्रमाणावर सोसलंय: १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४. पहिल्या दोन तडाख्यांत बारा वर्षांचं अंतर होतं. पुढे ते सहा आणि आठ वर्षांवर आलं. मोडलेल्या खडकाला पुन्हा भरून यायला दहा वर्षं तरी हवीत, आणि इथेच सगळं बिघडतं. १९९८ ते २०२२ या काळात अगत्ती, कदमत आणि कवरत्ती या बेटांवर केलेल्या अभ्यासात जिवंत प्रवाळाचं आच्छादन सुमारे ३७ टक्क्यांवरून १९ टक्क्यांच्या आसपास उतरल्याचं दिसलं. ही बेटं प्रवाळाच्याच चुन्याने बनलेली आहेत आणि बाहेरची प्रवाळभिंतच लाटांचा मार अडवते, त्यामुळे तिथल्या लोकांसाठी हा आकडा घराच्या भिंतीचा आहे. आपल्या मालवणलाही प्रवाळ आहे, विरंजनाची नोंद तिथेही झाली आहे. पुढच्या सहलीला सिंधुदुर्ग किल्ल्याला जाल तेव्हा त्याच समुद्रात ते असतील.

मूळ कारण तुम्हाला माहीत आहे. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून हवेत साठलेल्या वायूंमुळे पृथ्वीवर जी जादा उष्णता अडकते, त्यातली ९० टक्क्यांहून अधिक समुद्र पोटात घेतो. एप्रिल २०२४ मध्ये जगातलं चौथं जागतिक विरंजन सुरू असल्याचं जाहीर झालं. त्याच्या काही महिने आधी नोआला आपली मोजपट्टीच वाढवावी लागली होती. पूर्वी धोक्याची पातळी १ आणि २ एवढ्याच होत्या, ८ अंश-आठवड्यांच्या पुढे सगळं एकाच रंगात. पण बेरीज कुठे कुठे इतकी वर जाऊ लागली की १२, १६ आणि २० साठी तीन नव्या पातळ्या जोडल्या. पाचव्या पातळीचा अर्थ, तिथली ८० टक्क्यांहून अधिक प्रवाळं मरण्याचा धोका.

वर्ग संपल्यावर त्या मुलीने वहीत रकाने आखले: तारीख, तापमान, वाढ, बेरीज. कोरल रीफ वॉचचे नकाशे सगळ्यांना खुले आहेत. एप्रिलपासून पाऊस लक्षद्वीपला पोहोचेपर्यंत दर रविवारी आम्ही तिथला आकडा बघतो आणि ती तो लिहून ठेवते. चारच्या ओळीवर तिने लाल पेनाने रेघ मारली आहे, आठच्या ओळीवर दोन.