पुरवठादाराचा अन्न परवाना नेमका कुठल्या जागेचा आणि कशाचा आहे, ते असं तपासा

नौपाड्यात आमचं फराळाच्या पदार्थांचं छोटं दुकान आहे. गेल्या वर्षी दिवाळीआधी चकलीची भाजणी आणि मसाले बाहेरून तयार करून आमच्या नावाच्या पाकिटात भरून घ्यायचं ठरलं. रबाळे एमआयडीसीत आपला कारखाना असल्याचं सांगणाऱ्या एका पुरवठादाराने दर चांगला दिला आणि मागितल्याबरोबर व्हॉट्सअॅपवर परवान्याचा फोटोही पाठवला. फोटो वरच्या अर्ध्याच भागाचा होता. नाव दिसत होतं, चौदा अंकी क्रमांक दिसत होता, पण पत्ता आणि व्यवसायाचा प्रकार कापला गेला होता.

क्रमांकावरूनच थोडं कळतं. पहिला अंक १ असेल तर तो परवाना, २ असेल तर लहान व्यावसायिकाची नुसती नोंदणी. पुढचे दोन अंक राज्याचे असतात. महाराष्ट्राचे १५, आणि केंद्रीय परवाना असेल तर ००. त्यानंतरचे दोन अंक क्रमांक दिल्याच्या वर्षाचे. आमच्या फोटोतला क्रमांक ११५२२ ने सुरू होत होता, म्हणजे महाराष्ट्रातला राज्य परवाना, २०२२ सालचा. एवढ्यावर थांबू नका, कारण रचनेत बसणारा क्रमांक कोणीही छापू शकतो. शिवाय रोज टेम्पो भरून माल देतो म्हणणाऱ्याचा क्रमांक २ ने सुरू होत असेल, तर तिथेच खोलात जाऊन विचारा.

खरी तपासणी foscos.fssai.gov.in या संकेतस्थळावर होते. ती कोणालाही करता येते; शुल्क नाही, खातं उघडावं लागत नाही. FBO Search मध्ये क्रमांक आणि पडद्यावरची अक्षरं टाकली की नाव, जागेचा पत्ता, परवान्याचा प्रकार आणि स्थिती दिसते. स्थिती Active हवी. मुदत संपलेला, निलंबित किंवा रद्द झालेला परवाना असेल तर व्यवहार तिथेच थांबवा. नूतनीकरणाला टाकलाय, या शब्दावर माल उचलू नका.

आमच्या बाबतीत स्थिती Active होती, नावही जुळत होतं. घोळ पत्त्यात होता. परवाना तुर्भ्याच्या एपीएमसी मसाला मार्केटमधल्या गाळ्याचा होता आणि व्यवसाय लिहिला होता घाऊक विक्रीचा. अन्न परवाना व्यवसायाच्या जागेला आणि तिथे चालणाऱ्या कामाला मिळतो, मालकाला सरसकट नाही. त्यामुळे तुर्भ्याच्या परवान्यावर रबाळ्यात दळण-भरण करता येत नाही, आणि विक्रीच्या परवान्यावर उत्पादन तर कुठेच करता येत नाही. परवाना खोटा नव्हता. आम्हाला हवं होतं त्या कामाचा तो नव्हता, आणि बहुतेक दुकानदार फसतात ते इथेच, कारण हिरवा शेरा दिसला की पुढचं कोणी वाचत नाही.

म्हणून पुरवठादाराकडे दोन कागद मागा. एक, फॉर्म सी मधल्या परवान्याची सगळी पानं, उत्पादनांच्या यादीसकट. मसाला तयार करायची परवानगी असेल तर ती या यादीत दिसते. दुसरा, त्याचं एखादं अलीकडचं बिल. १ जानेवारी २०२२ पासून बिलावर हा चौदा अंकी क्रमांक छापणं सक्तीचं आहे. बिलावरचा क्रमांक, परवान्यावरचा क्रमांक आणि माल जिथून निघतो तो पत्ता, हे तिन्ही शेजारी ठेवून वाचा.

हे नुसतं सावधपणासाठी नाही. परवाना किंवा नोंदणी असलेल्यांशीच खरेदी-विक्री करायची आणि त्याची नोंद ठेवायची, ही उत्पादक आणि वितरक यांच्या स्वतःच्या परवान्याचीच अट आहे. माल तुमच्या ब्रँडखाली जाणार असेल तर पाकिटावर तुमचा क्रमांक लागतो आणि तयार करणाऱ्याचाही. तो चुकीच्या जागेचा असेल तर लेबल चुकलं, आणि लेबलावर नाव तुमचं असतं.

आम्ही पुरवठादाराला सरळ विचारलं, 'दादा, रबाळ्याच्या जागेचा परवाना दाखवा.' तेव्हा कळलं की दळण दुसऱ्याच कारखान्यात होतं आणि हे फक्त विकतात. त्या कारखान्याचा क्रमांक मागून घेतला. पत्ता रबाळ्याचा, काम उत्पादनाचं, यादीत मसाले होते, पण भाजणी बसेल असा प्रकार नव्हता. मसाले तिथून घेतले, भाजणी घरीच भाजली.

क्रमांक सापडलाच नाही किंवा दुसऱ्याच्या नावावर निघाला, तर अन्न व औषध प्रशासनाच्या १८०० २२२ ३६५ या निःशुल्क क्रमांकावर कळवा. फोन करताना पाकिटाचा आणि बिलाचा फोटो जवळ ठेवा, कारण पत्ता आणि बॅच नंबर नसेल तर अधिकाऱ्यांना कुठे जायचं तेच कळत नाही.