कार्डाचं बिल अर्धवट भरलं: पुढच्या स्टेटमेंटमधलं व्याज कसं तपासायचं?

चवथीच्या तोंडावर म्हापशात २५ जुलैला कार्डावर २०,००० रुपयांचा फ्रिज घेतला असं धरू. आधीची बाकी काहीच नाही. १० ऑगस्टच्या स्टेटमेंटमध्ये मिनिमम अमाउंट ड्यू १,००० रुपये (५ टक्के) आणि शेवटची तारीख २८ ऑगस्ट. त्या दिवशी १२,००० भरले. मिनिममपेक्षा कितीतरी जास्त, म्हणून १० सप्टेंबरच्या स्टेटमेंटमध्ये लेट फी लागलेली असता कामा नये. व्याज मात्र लागणारच. मिनिमम भरल्याने फक्त लेट फी टळते, आणि गल्लत नेमकी इथेच होते.

तपासायला दोन्ही महिन्यांची स्टेटमेंटं, पैसे भरल्याची पावती (यूटीआर क्रमांकासह) आणि कार्डाच्या मुख्य अटींचं पत्रक जवळ घ्या. पत्रकात व्याजदर आणि ते मोजायची पद्धत दिलेली असते. इथे दर महिना ३.५ म्हणजे वर्षाला ४२ टक्के धरू.

व्याज बिलाच्या तारखेपासून नाही, खरेदीच्या दिवसापासून मोजलं जातं. उरलेल्या ८,००० वर २५ जुलै ते १० सप्टेंबर असे ४७ दिवस धरले तर ८,००० × ४७ × ०.४२ ÷ ३६५, म्हणजे सुमारे ४३३ रुपये. पण पैसे भरेपर्यंतचे ३४ दिवस पूर्ण २०,००० वर आणि नंतरचे १३ दिवस ८,००० वर धरले, तर आकडा ९०२ च्या आसपास जातो. भरलेली रक्कम वजा करून उरलेल्या बाकीवरच व्याज लावावं, असा रिझर्व्ह बँकेचा निर्देश आहे. म्हणून स्टेटमेंटमध्ये ९०२ दिसले तर ते कशाच्या आधारे लावले, हे बँकेला लेखी विचारा. एखाद्या दिवसाचा फरक पडला तर तो चूक समजू नका. व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळ्या ओळीत असतो.

बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. ३० ऑगस्टला त्याच कार्डावर चवथीचं सामान घेतलं असेल, तर त्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज धरा. नवा मिनिमम साधारणपणे बाकीच्या ५ टक्क्यांत व्याज, जीएसटी आणि चालू हप्ते मिळवून निघतो, म्हणून तो ८,००० च्या ५ टक्क्यांपेक्षा, म्हणजे ४०० पेक्षा, जास्त दिसेल.

पैसे एक-दोन दिवस उशिरा जमा झाले तरी लगेच लेट फी लावता येत नाही. शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त थकलं तरच ती लागते, आणि तीही थकलेल्या रकमेवर.

तक्रार मुख्य कार्डधारकाच्या नावाने, वरचे कागद जोडून आधी बँकेकडेच करायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा ते पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज करता येतो. त्यासाठी बँकेने दिलेला तक्रार क्रमांक जपून ठेवा.