‘मा. ना. श्री.’ : तीन अक्षरांमागचा इतिहास

मंत्र्यांच्या नावामागे निमंत्रणपत्रिकेत ‘मा. ना. श्री.’ असे छापलेले असते आणि सूत्रसंचालक ते ‘माननीय नामदार श्री.’ असे पूर्ण उच्चारतो. ही तीन अक्षरे तीन वेगवेगळ्या काळांतून आली आहेत.

‘श्री’ सर्वांत जुना. मराठ्यांच्या राज्यात सन्मान पत्राच्या मायन्यात असे. ‘राजश्रिया विराजित राजमान्य राजश्री अमुक गोसावी यांसी’ ही बरोबरीच्या किंवा मातब्बर माणसाला लिहायची तऱ्हा. विद्वान ब्राह्मणाला ‘वेदशास्त्रसंपन्न’, वडिलांना ‘तीर्थरूप’, मुलाला ‘चिरंजीव’. कारकुनाला हे पाठ असावेच लागे, कारण मायना चुकला की मान चुकला. मात्र पत्र एकाच माणसाला जायचे, म्हणून आधी कोण आणि नंतर कोण हा प्रश्न तिथे नव्हता. ‘राजमान्य राजश्री’चे पुढे ‘रा. रा.’ झाले आणि एकोणिसाव्या शतकातल्या छापील मराठीत ते सर्रास दिसते. आज त्याची जागा ‘श्री.’ने घेतली आहे.

‘नामदार’ हा फारसी शब्द. इंग्रजी अमलात कायदे कौन्सिलच्या सभासदांना आणि हायकोर्टाच्या न्यायमूर्तींना जो ‘ऑनरेबल’ लागत असे, त्याचे मराठी ‘नामदार’ झाले. नामदार गोखले हे नाव त्यातूनच रूढ झाले. स्वातंत्र्यानंतर आमदार-खासदारांना ‘आ.’ आणि ‘खा.’ ही स्वतंत्र अक्षरे मिळाली व ‘ना.’ मंत्र्यांकडे राहिले. मग त्याच इंग्रजी शब्दासाठी ‘माननीय’ आला. म्हणजे ‘माननीय नामदार’ म्हणताना आपण एकच उपाधी दोनदा लावतो. मी स्वतः दोन्हींपैकी एकच म्हणतो, आणि आजवर कोणी दुखावलेले नाही.

क्रमाचा प्रश्न आला तो जाहीर सभेबरोबर. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० सालची. तशा सभांमधून अध्यक्ष, सूचना, अनुमोदन हा रिवाज मराठीत मुरला. या रिवाजात बोलणारा सभेला उद्देशून नव्हे, अध्यक्षांना उद्देशून बोलतो, म्हणून भाषणाची सुरुवात ‘अध्यक्ष महाराज’ अशी होई. विधानसभेत आजही ‘अध्यक्ष महोदय’ आणि परिषदेत ‘सभापती महोदय’ म्हणतात ते याच कारणाने. पहिला मान खुर्चीचा. तिच्यात बसलेल्याचा हुद्दा त्या वेळी गौण.

इथेच आजची गल्लत होते. राष्ट्रपती सचिवालयाचा १९७९ चा मानक्रमाचा तक्ता आहे. त्यात राज्यपाल आपल्या राज्यात चौथ्या आणि मुख्यमंत्री सातव्या स्थानी आहेत. पण तो शासकीय व समारंभीय प्रसंगांसाठी आहे. लेखकाला, भारतरत्न मिळालेले असल्याशिवाय, त्यात जागाच नाही.

समजा, एका ग्रंथालयाच्या कार्यक्रमाला ज्येष्ठ लेखिका अध्यक्ष आहेत, मंत्री उद्घाटक आणि जिल्हाधिकारी प्रमुख पाहुणे. हुद्द्याकडे पाहणारा मंत्र्यांपासून सुरुवात करतो. माझ्या मते क्रम असा हवा: ‘आदरणीय अध्यक्ष, उद्घाटक नामदार अमुक, प्रमुख पाहुणे, स्वागताध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर आणि रसिक श्रोतेहो.’ अध्यक्षपदाची सूचना व अनुमोदन व्हायचे असेल, तर तोवर त्या ‘नियोजित अध्यक्ष’ असतात. उद्घाटन करून मंत्री निघून गेले की पुढच्या वक्त्याने त्यांना संबोधू नये. रिकाम्या खुर्चीला उद्देशून ‘आदरणीय’ म्हटले की सभागृहात चुळबुळ होते, आणि वक्ता घरून लिहून आणलेला कागद वाचतो आहे हे लगेच कळते. शेवटी अध्यक्ष बोलायला उठतात तेव्हा त्यांची यादी उद्घाटकांपासून, आणि ते गेले असतील तर पाहुण्यांपासून सुरू होते.

काही उपाध्या मात्र गळायला हव्यात. ‘पद्मश्री अमुक’ असे नावामागे लावणे चुकीचे आहे: संविधानाच्या १८ व्या अनुच्छेदाने किताब बंद केले, आणि पद्म सन्मान हे किताब नसल्याने ते नावाच्या मागेपुढे वापरता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले. परिचयात ‘पद्मश्रीने सन्मानित’ म्हणावे. राष्ट्रपती व राज्यपालांसाठीचे ‘महामहिम’ही २०१२ मध्ये प्रणव मुखर्जी राष्ट्रपती असताना देशांतर्गत वापरातून काढले गेले. त्याऐवजी ‘माननीय राज्यपाल’ पुरते. तरी निमंत्रणपत्रिकांवर ‘महामहिम’ अजून छापले जाते, आणि छापले म्हणून मंचावर वाचलेही जाते.