एआयएस फीडबॅक: यादीतला व्यवहार आपला नसेल तेव्हा

एआयएस म्हणजे इन्कम टॅक्स खात्याकडची तुमच्या पॅनवरची वर्षाची यादी: व्याज, टीडीएस, मोठी कॅश, जमीन-फ्लॅटची खरेदी-विक्री, जे जे बँकांनी नि ऑफिसांनी कळवलं ते सगळं. ही यादी 2021 च्या नोव्हेंबरपासून पोर्टलवर दिसते. त्यातली एखादी नोंद आपली नसेल तर तिथेच फीडबॅक देता येतो, हा लेख त्याच सोयीबद्दल.

सीमाभागात हा प्रश्न जास्त येतो त्याचं कारण साधं आहे, घर निपाणीत, शेत कागलकडे, बँकेची शाखा दोन्हीकडे, आणि बाबांच्या खात्यावर मुलाचं नाव दुसरा म्हणून लावलेलं, म्हातारपणी पैसे काढायला बरं पडतं म्हणून. राज्य बदललं तरी पॅन एकच, त्यामुळे कागलचं खातं निपाणीच्या माणसाच्या यादीत येतंच.

आता नियम बघा. सेव्हिंग खात्यात वर्षभरात मिळून 10 लाख किंवा जास्त कॅश भरली तर बँकेला ते कळवावं लागतं (SFT-004). ही बेरीज एका माणसाच्या त्या बँकेतल्या सगळ्या खात्यांची करायची असते, आणि खातं जॉइंट असेल तर पूर्ण रक्कम प्रत्येक खातेदाराच्या नावावर धरायची, अर्धी-अर्धी नाही. गोंधळ होतो तो इथेच.

एक उदाहरण घेऊ. निपाणीतला एक किराणा दुकानदार, स्वतःच्या सेव्हिंग खात्यात वर्षात 3,80,000 कॅश भरली. त्याच बँकेच्या कागल शाखेत बाबांचं खातं, याचं नाव दुसरं, त्यात बाबांनी तंबाखू नि गुळाचे 7,20,000 भरले. दोन्ही मिळून 11,00,000, म्हणजे मुलगा मर्यादेच्या वर गेला. गंमत अशी की बाबांच्या एकट्याचे 7,20,000 मर्यादेच्या खाली, त्यामुळे ज्याचे पैसे त्याच्या यादीत काहीच नाही आणि ज्याचे नाहीत त्याच्या यादीत सगळं.

फीडबॅक द्यायचा तर incometax.gov.in वर लॉगिन करून AIS उघडायचं, वर्ष निवडायचं, SFT Information मध्ये ती नोंद उलगडायची. खात्यानुसार ओळी दिसतात, खाते नंबर पासबुकाशी ताडून बघा, नुसत्या रकमेवर जाऊ नका. मग 7,20,000 च्या ओळीसमोरच्या Optional वर क्लिक केलं की पर्याय येतात. या केसमध्ये निवडायचा तो Information relates to other PAN/Year, तिथे बाबांचा पॅन, वर्ष नि रक्कम भरायची. 3,80,000 ची ओळ आपलीच, तिला Information is correct.

बरेच जण रागाने Information is denied दाबतात. तो पर्याय आहे साफ अनोळखी व्यवहारासाठी: खातंच आपलं नाही, कुणीतरी पॅनचा एक आकडा चुकीचा टाकला, वगैरे. जॉइंट खात्यात तुमचा पॅन बँकेत खरंच जोडलेला असतो, त्यामुळे “माझा संबंधच नाही” म्हणणं चुकीचं ठरतं आणि बँकेला विचारणा झाली तर ती नोंद बरोबर आहे असंच सांगणार. चुकून दाबलं असेल तर फीडबॅक बदलता येतो.

सबमिट केल्यावर पावती डाउनलोड करून ठेवा, Activity History मध्येही ती दिसते. मूळ आकडा मात्र पुसला जात नाही, शेजारी तुमच्या फीडबॅकनंतरचा आकडा दिसतो आणि TIS या सारांशात तो धरला जातो. फीडबॅक बँकेकडे किंवा टीडीएस कापणाऱ्याकडे खात्रीसाठी पाठवला का, त्यांनी काय उत्तर दिलं, हे 2024 च्या मेपासून एआयएसमध्येच दिसायला लागलंय. समोरच्याने चूक मान्य केली तर दुरुस्तीचं स्टेटमेंट त्यालाच भरावं लागतं, आपण नाही. म्हणून नोंद खरोखर चुकीच्या पॅनची असेल तर फीडबॅकसोबत शाखेत अर्जही द्या, पोच घ्या.

टीडीएसचं वेगळं लक्षात ठेवा. दुसऱ्याचा टीडीएस आपल्या पॅनवर पडला तर नुसत्या फीडबॅकने 26AS हा टीडीएसचा तक्ता बदलत नाही, कापणाऱ्याला रिटर्न दुरुस्त करावं लागतं, आणि तोवर तो क्रेडिट आपण घ्यायचा नाही, फुकटचा दिसला तरी.

बाबांच्या बाजूने विचाराल तर त्यांच्याकडे अडतीची पट्टी, गुळाच्या विक्रीच्या पावत्या, सातबारा आणि पासबुक एका फाइलीत लावून ठेवायचं, कारण पॅन त्यांचा दिलाय, उद्या विचारलं तर उत्तर त्यांनाच द्यायचं. जमीन कर्नाटकात असेल तर सातबाऱ्याच्या जागी आरटीसी.