पार्श्वभूमी : बॅटरी आणि ॲमीटर यांची अदलाबदल

रेझिस्टरांच्या जाळ्यात एका शाखेत बॅटरी आणि दुसऱ्या शाखेत ॲमीटर बसवायचा, वाचन घ्यायचे, मग दोघांच्या जागा बदलून पुन्हा वाचन घ्यायचे. दोन्ही आकडे सारखे आले की रेसिप्रॉसिटी प्रमेय पडताळले, असे वहीत लिहून विद्यार्थी पुढच्या प्रयोगाकडे वळतात. प्रत्यक्षात ते आकडे बऱ्याचदा टक्का-दीड टक्क्याने वेगळे येतात आणि तो फरक ‘प्रायोगिक त्रुटी’ या खात्यात टाकला जातो. हा फरक त्रुटीचा नसतो. तो कुठून येतो, हा प्रश्न प्रमेयाच्या इतिहासातच रुजलेला आहे.

प्रमेयाचे मूळ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात सापडते. १८४७ मध्ये एका जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने कोणत्याही जाळ्यातले प्रवाह काढण्याची समीकरणे मांडली. आज आपण लूपची समीकरणे लिहितो ती त्याच वाटेने. दोन लूपना सामाईक असलेला रेझिस्टर त्या समीकरणांत दोन्ही बाजूंनी सारख्याच किमतीने येतो आणि सगळी सममिती तिथूनच निघते. १८६४ मध्ये एका स्कॉटिश शास्त्रज्ञाने लोखंडी सांगाड्यांबद्दल याच घाटाचे विधान केले: ‘अ’ या ठिकाणी भार ठेवल्यावर ‘ब’ जितके खचते, तितकेच ‘ब’वर तो भार ठेवल्यावर ‘अ’ खचते. पुढे १८७३ मध्ये त्याच शास्त्रज्ञाच्या विद्युत आणि चुंबकत्वावरील ग्रंथात वाहकांच्या जाळ्यासाठी हे प्रमेय स्वच्छ शब्दांत आले. ध्वनीच्या आणि कंपनांच्या अभ्यासातही त्याच सुमारास ते वेगवेगळ्या रूपांत मांडले गेले.

पण १८७३ च्या त्या ग्रंथात याच विषयाला लागून आणखी एक नियम आहे आणि माझ्या मते तो जास्त बोलका आहे. तो व्हीटस्टन ब्रिजचा आहे. ब्रिज संतुलित असताना बॅटरी आणि गॅल्व्हानोमीटर यांच्या जागा बदलल्या तरी काटा शून्यावरच राहतो. हे रेसिप्रॉसिटीचेच रूप: एका दिशेने काहीच पोचत नसेल तर उलट दिशेनेही पोचत नाही. मात्र संतुलन थोडे ढळल्यावर काटा किती हलेल, हे दोन्ही जोडण्यांत सारखे असेलच असे नाही. म्हणून नियम असा दिला होता, की बॅटरी आणि गॅल्व्हानोमीटर यांपैकी ज्याचा स्वतःचा रोध जास्त, तो अशा जागी जोडावा की ब्रिजच्या चार भुजांपैकी दोन मोठ्या भुजांचा सांधा आणि दोन लहान भुजांचा सांधा त्याने जोडले जातील. या नियमाचा अर्थ सरळ आहे. उपकरणाची जागा बदलली की त्याचा रोधही त्याच्याबरोबर जातो आणि जाळे पहिल्यासारखे राहत नाही. प्रमेय मांडणाऱ्यांना हे पहिल्यापासून ठाऊक होते. वर्गातल्या विधानात ‘आदर्श सोर्स’ आणि ‘आदर्श ॲमीटर’ हे शब्द आले आणि ही गोष्ट त्यांच्याआड गेली.

एक साधे सर्किट घेऊ. टी आकाराचे जाळे: डाव्या भुजेत १ किलोओहम, उजव्या भुजेत २ किलोओहम आणि मधल्या उभ्या भुजेत २ किलोओहम. सोर्स ५ व्होल्टचा, तोही जवळजवळ शून्य रोधाचा रेग्युलेटेड सप्लाय. सोर्स डावीकडे असताना त्याला दिसणारा एकूण रोध २ किलोओहम असतो, म्हणून तो २.५ मिलिॲम्पिअर देतो. त्यातला अर्धा उजवीकडे जातो: १.२५ मिलिॲम्पिअर. आता सोर्स उजवीकडे नेला तर त्याला २.६६७ किलोओहम दिसतात आणि तो १.८७५ मिलिॲम्पिअर देतो. त्याचा दोन तृतीयांश हिस्सा डाव्या भुजेत जातो, म्हणजे पुन्हा १.२५ मिलिॲम्पिअर. सोर्समधून निघणारा प्रवाह आणि त्याने खर्च केलेली शक्ती बदलली, पण दूरच्या शाखेतला प्रवाह तोच राहिला. त्याचे कारण सूत्रात दिसते. तो प्रवाह म्हणजे व्होल्टेज गुणिले मधला रोध, भागिले तिन्ही रोधांच्या दोन-दोनच्या गुणाकारांची बेरीज. या सूत्रात डावी-उजवी भुजा अदलाबदल केली तरी काहीच हलत नाही.

हे झाले कागदावर. आता ॲमीटर खरा घेऊ. बाजारातल्या स्वस्त डिजिटल मल्टिमीटरची २००० मायक्रोॲम्पिअरची रेंज निवडली, तर प्रवाह ज्यातून नेऊन मोजला जातो तो आतला रोध, म्हणजे शंट, साधारण १०० ओहमचा असतो. मीटर उजवीकडे असताना उजवी भुजा २१०० ओहमची होते आणि वाचन येते १२०५ मायक्रोॲम्पिअर. मीटर डावीकडे नेला की डावी भुजा ११०० ओहमची आणि उजवी पुन्हा २००० ओहमची होते, वाचन ११९०. फरक पंधरा मायक्रोॲम्पिअरचा, म्हणजे सव्वा टक्का. मीटर एकच, रेंज एकच, त्यामुळे मीटरच्या कॅलिब्रेशनमधली चूक दोन्ही वाचनांत सारखीच पडते आणि फरकाला कारणीभूत ठरत नाही. दर वेळी त्याच दिशेने, तेवढाच फरक येत असेल तर तो योगायोग नसतो.

इथेच मतभेद आहे. एक पक्ष म्हणतो, प्रयोगात ‘जागा बदला’ म्हटले आहे, तेव्हा मीटर त्याच्या रोधासकट हलवणे हाच प्रयोग. उरलेला फरक छोटा आहे, तो चालवून घ्यावा. दुसरा पक्ष म्हणतो, शाखांचे रोध दोन्ही वेळा तेच राहिले नाहीत तर प्रमेयाची परीक्षा झालीच नाही, दोन वेगळ्या जाळ्यांची तुलना झाली. मला दुसरी बाजू पटते आणि ती सांभाळायला महागडे मीटर लागत नाही. मीटरच्या रोधाइतकाच, म्हणजे १०० ओहमचा, एक रेझिस्टर सोर्सशी सिरीजमध्ये कायमचा बांधून टाकावा आणि सोर्स हलवताना तोही बरोबर न्यावा. मग डावी भुजा दोन्ही वेळा ११०० ओहम आणि उजवी २१०० ओहम राहते आणि दोन्ही वाचने ११४८ मायक्रोॲम्पिअर येतात. आकडा १२५० पेक्षा बराच खाली आलेला पाहून काही जण बिचकतात. पण प्रमेय आकडा किती यावा हे सांगत नाही, दोन्ही आकडे सारखे यावेत एवढेच सांगते.

या प्रयोगात आणखी दोन गोष्टी फसवतात. डावी आणि उजवी भुजा समान घेतली तर मीटरच्या रोधाने होणारा फरक दिसतच नाही, कारण सर्किट आरशासारखे सममित असते. अशा सर्किटवर वाचने जुळली याला पडताळणी म्हणता येत नाही; भुजा मुद्दाम असमान घ्याव्यात. दुसरी गोष्ट म्हणजे रेंज. पहिल्या वाचनाला २ मिलिॲम्पिअरची आणि दुसऱ्याला २० मिलिॲम्पिअरची रेंज लावली, तर आतला शंट १०० वरून साधारण १० ओहमवर येतो आणि मघाची सगळी काळजी वाया जाते. ऑटोरेंज मीटरमध्ये हा बदल हात न लावता होतो, म्हणून रेंज बांधून ठेवलेली बरी.

वाचन कोणत्या राशीचे घ्यायचे, याबद्दलही गोंधळ होतो. व्होल्टेज सोर्स असेल तर प्रवाह मोजायचा आणि करंट सोर्स असेल तर व्होल्टेज. आपल्याच सर्किटमध्ये डावीकडे ५ व्होल्ट देऊन उघड्या उजव्या टोकावर व्होल्टमीटर लावला तर ३.३३ व्होल्ट दिसतात. उलट जोडणीत २.५ व्होल्ट. इथे प्रमेय मोडलेले नाही, कारण व्होल्टेजच्या बदल्यात व्होल्टेज अशी हमी त्याने कधी दिलीच नव्हती. सोर्स काढल्यावर त्याच्या जागी शॉर्ट राहतो की ओपन, यावर सगळे अवलंबून आहे. करंट सोर्सने १ मिलिॲम्पिअर दिला तर दोन्ही बाजूंनी उघड्या टोकावर २ व्होल्टच मिळतात.

विसाव्या शतकात प्रश्न वेगळ्या दिशेने उभा राहिला. जाळे रेषीय असले की प्रमेय लागू होते, असे आजही अनेक नोट्समध्ये लिहिलेले आढळते, पण १९४८ पासून ते अपुरे ठरले आहे. त्या वर्षी एका डच अभियंत्याने जायरेटर नावाचा घटक मांडला. तो रेषीय आहे, स्वतः ऊर्जा निर्माण करत नाही, खर्चही करत नाही. त्याच्या एका बाजूचे व्होल्टेज दुसऱ्या बाजूच्या प्रवाहाच्या प्रमाणात असते, मात्र दोन दिशांना चिन्ह उलटे. परिणाम असा, की सोर्स आणि ॲमीटर यांची अदलाबदल केल्यावर वाचनाचा आकडा तोच येतो, पण काटा उलट्या बाजूला जातो. रेझिस्टरांच्या जाळ्यात लाल टोकाच्या जागी लाल आणि काळ्याच्या जागी काळे अशी थेट अदलाबदल केली तर वाचनाचे चिन्हही तेच राहते. म्हणून जोडणी करताना टोकांची नोंद ठेवणे महत्त्वाचे; चिन्ह उलटणे हीच जायरेटरची खूण आहे. ट्रान्झिस्टरसारखे नियंत्रित सोर्स असलेले सर्किट तर छोट्या सिग्नलपुरते रेषीय असूनही सहसा आकडासुद्धा जुळू देत नाही.

कागदावरचा जायरेटर लवकरच हाती आला. १९५२ मध्ये अमेरिकेत चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या फेराइटमधून मायक्रोवेव्ह नेऊन तो प्रत्यक्ष दाखवला गेला. त्यातूनच सिग्नल एकाच दिशेने जाऊ देणारा आयसोलेटर आणि सर्क्युलेटर आले. सर्क्युलेटरमध्ये एका पोर्टने आलेला सिग्नल ठरावीक दिशेच्या पुढच्याच पोर्टला जातो, त्यामुळे रडारमध्ये एकच अँटेना पाठवायला आणि घ्यायलाही वापरता येतो. या सगळ्या उपकरणांत रेसिप्रॉसिटी मोडते ती चुंबकीय क्षेत्रामुळे. चुंबकीय क्षेत्रात ठेवल्यावर प्रवाहाला आडवे व्होल्टेज देणाऱ्या हॉल प्लेटवर हे एकदिश प्रवाहानेही बघता येते: प्रवाहाच्या आणि व्होल्टेजच्या तारांची अदलाबदल केली की हॉल व्होल्टेजचे चिन्ह उलटते, आणि अदलाबदलीबरोबर चुंबकाची दिशाही उलटवली तर पहिले वाचन परत मिळते.

फेराइट आणि चुंबक चिपवर बसवणे अवघड, म्हणून त्यांच्याशिवाय हेच काम साधण्याचे प्रयत्न पुढे वाढले. २०१६ मध्ये अमेरिकेतील एका विद्यापीठातील गटाने सिलिकॉन चिपवर चुंबकाविना सर्क्युलेटर करून दाखवला. त्यातले कॅपॅसिटर रेषीयच आहेत. ते जाळ्याला जोडणारे स्विच मात्र ठरावीक घड्याळाने, दोन बाजूंना वेगवेगळ्या वेळी, उघडतात आणि मिटतात. म्हणजे घटकांच्या किमती काळानुसार बदलू नयेत ही प्रमेयाची अट, जी रेझिस्टरांच्या जाळ्यात कधी बोलूनही दाखवावी लागत नाही, तिथे मुद्दाम मोडलेली आहे.