आयोवाच्या मक्यातून निघालेले पाच गट

मार्केटिंगच्या वर्गात घंटेच्या आकाराचा एक आलेख हमखास भेटतो. नवी वस्तू घेणाऱ्यांचे त्यात पाच तुकडे पाडलेले असतात: सगळ्यात आधी घेणारे २.५ टक्के इनोव्हेटर, त्यांच्यामागचे १३.५ टक्के अर्ली ॲडॉप्टर, मग ३४-३४ टक्क्यांचे आधीचे आणि नंतरचे बहुसंख्य, आणि शेपटाला सगळ्यात उशिरा येणारे १६ टक्के लॅगार्ड. आज तो फोन, ॲप, विजेच्या गाड्या यांच्यासाठी वापरला जातो. त्याचा उगम मात्र अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, मक्याच्या शेतात आहे.

१९२८ च्या सुमारास आयोवात संकरित मक्याचे बियाणे विक्रीला आले. उत्पन्न साधारण २० टक्क्यांनी जास्त, दुष्काळात पीक उभे राहायचे, यंत्राने कणसे तोडायलाही सोपे. अडचण एकच होती. तोपर्यंत शेतकरी आपल्याच कणसांतली चांगली कणसे निवडून पुढच्या वर्षाचे बी ठेवायचा. संकरित मक्याचा जोम पुढच्या पिढीत ओसरतो, त्यामुळे आता दरवर्षी बियाणे विकत घेणे आले. आणि ही मागणी आली ती नेमकी महामंदीच्या तोंडावर.

आयोवा स्टेट कॉलेजच्या ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या ग्रामीण समाजशास्त्रज्ञांनी १९४१ मध्ये जेफरसन आणि ग्रँड जंक्शन या दोन गावांभोवतीच्या २५९ शेतकऱ्यांना गाठून विचारले, तुम्ही हे बियाणे कधी ऐकले, कधी पेरले, कोणाच्या सांगण्यावरून? तोवर दोघे सोडून सगळ्यांनी ते घेतले होते. पण पहिल्या पाच वर्षांत जेमतेम १० टक्के लोक आले होते. पुढच्या तीनच वर्षांत आकडा ४० वर गेला. कानावर पडल्यापासून सगळे रान नव्या बियाण्याखाली येईपर्यंत सरासरी नऊएक वर्षे गेली.

त्यांचा लेख १९४३ मध्ये छापून आला. विक्रेत्याने आजही पाहावे असे त्यात दोन निष्कर्ष आहेत. पहिला असा की बियाण्याची बातमी बहुतेकांना विक्रेत्याकडून कळली, पण मन वळले ते शेजाऱ्यामुळे. दुसरा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आधी येणाऱ्यांनी पहिल्या वर्षी अगदी थोड्या रानात पेरून पाहिले आणि मग अनेक वर्षांत क्षेत्र वाढवले. उशिरा येणाऱ्यांनी पहिल्याच वर्षी बरेच रान टाकले. चाचणी आधीच्यांनी केली होती, उशिराचे तिचा निकाल बघून आले.

टक्केवारी पुढे आली ती एव्हरेट रॉजर्स या समाजशास्त्रज्ञामुळे. तोही आयोवातल्या शेतकऱ्याचा मुलगा. नव्या गोष्टींच्या प्रसारावरच्या अभ्यासांत प्रत्येक संशोधक गटांना वेगळी नावे द्यायचा. रॉजर्सने १९५८ च्या लेखात आणि मग १९६२ च्या ‘डिफ्युजन ऑफ इनोव्हेशन्स’ या पुस्तकात एकच मोजपट्टी सुचवली: स्वीकाराचे सरासरी वर्ष काढा, प्रमाण विचलन, म्हणजे वर्षे सरासरीभोवती किती विखुरली आहेत ते, काढा आणि त्या अंतरांवर वक्र कापा. सरासरीच्या दोन विचलने आधी आलेले ते २.५ टक्के, एक विचलन उशिरा आलेले ते १६ टक्के. म्हणजे हे आकडे समाजात शोधून सापडलेले नाहीत, ते कापणीच्या जागेवरून आले आहेत. कोणतीही वस्तू घ्या, १६ टक्के लॅगार्ड निघणारच. ज्यांनी वस्तू कधी घेतलीच नाही ते तर या वक्रात बसतच नाहीत.

त्यामुळे ‘आमच्या बाजारात १३.५ टक्के अर्ली ॲडॉप्टर आहेत’ असे विक्री सुरू होण्याआधी सादरीकरणात लिहिणाऱ्याने कसलीच माहिती दिलेली नसते. २५९ शेतकऱ्यांत हा गट ३५ जणांचा. पण ते ३५ कोण, हे तारखा हाती आल्यावरच ठरते. आधी हाताशी असतात त्या फक्त खुणा. आयोवात आधीचे लोक मोठ्या शेतीचे, जास्त शिकलेले, डे मॉइन शहरात जास्त फेऱ्या मारणारे होते. या खुणाही वस्तूगणिक बदलतात. रॉजर्सच्या वडिलांना शेतीतल्या नव्या यंत्रांची हौस होती, पण संकरित बियाण्याला त्यांनी कित्येक वर्षे हात लावला नाही. १९३६ च्या दुष्काळात शेजाऱ्याचा संकरित मका ताठ उभा आणि आपला करपलेला दिसला, तेव्हा ते वळले.

तेव्हा अर्ली ॲडॉप्टरकडे जायचे ते लहान चाचणी घेऊन. त्याच काळात रॉसवेल गार्स्ट हा विक्रेता कून रॅपिड्सच्या परिसरात हेच करत होता. बियाणे आत्ता फुकट घ्या, काही रानात पेरा, जुन्या वाणापेक्षा जे जास्त पिकेल त्यातले निम्मे मला द्या, असा त्याचा सौदा असे. मंदीत रोख पैसा नसलेल्या माणसाचा धोका त्याने स्वतःवर घेतला. शिवाय जुना आणि नवा मका एकाच बांधाच्या दोन बाजूंना उभा राहिल्यावर शेजाऱ्यांना वेगळे सांगावे लागत नसे. यासाठी माणूसही निवडून घ्यावा लागतो. सगळ्यात आधी उडी मारणारा इनोव्हेटर अनेकदा गावात जरा विक्षिप्त समजला जातो, आणि त्याचे यश ‘त्याला परवडते’ म्हणून बाजूला सारले जाते. अर्ली ॲडॉप्टरचा शब्द चालतो, म्हणून तो हवा. चाचणी लागू पडली का, हे त्याच्या कौतुकावरून ठरवू नये. दुसऱ्या वर्षी त्याने क्षेत्र वाढवले का आणि शेजारी चौकशीला आले का, हे बघावे. क्षेत्र तेवढेच राहिले तर समजावे, की कौतुक फक्त आपण नाराज होऊ नये म्हणून होते.

लॅगार्डला हाच नमुना पुन्हा देणे म्हणजे पैसे वाया. त्याने शेजारचे पीक दहा वर्षे पाहिलेले असते. त्याला अडवते ते बहुधा रोख रक्कम, लहान शेती, किंवा फसल्यास वर्ष बुडण्याची भीती. तिथे उधारी, पीक आल्यावर पैसे, बिघडले तर जबाबदारी घेणारा ओळखीचा दुकानदार, असे उपाय चालतात. नवेपणाचा डंका त्याच्यापुढे उलटाच पडतो. ‘सगळे हेच वापरतात, सवय बदलावी लागणार नाही’ हे त्याला पटते. तेवढ्यासाठी लागणारा खर्च परत मिळणार नसेल तर त्याला सरळ सोडून द्यावे.

कधीकधी त्याचा नकारच बरोबर असतो. रॉजर्सने १९५४ मध्ये एका शेतकऱ्याची मुलाखत घेतली होती. रासायनिक फवारण्यांनी गांडुळे आणि पक्षी मरतात म्हणून त्याने त्या नाकारल्या होत्या, आणि रॉजर्सच्या मोजपट्टीत तो लॅगार्ड ठरला. सेंद्रिय शेतीचे दिवस आल्यावर आपली मोजपट्टी नव्या गोष्टींची शिफारस करणाऱ्यांच्या बाजूने झुकलेली होती, हे रॉजर्सने स्वतःच लिहिले.

आपल्याकडचा दाखला ज्वारीचा. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे संकरित वाण आले आणि महाराष्ट्रात खरिपात हायब्रीड पसरले. पण ताटे बुटकी, कडबा कमी, कणसे पावसात सापडली की दाणे काळे, भाकरीला चव नाही, या तक्रारी घरोघरी होत्या. रब्बीत तर सोलापूरकडचा शेतकरी मालदांडी या वाणालाच धरून राहिला. स्वीकाराच्या तारखा लावल्या तर तो वक्राच्या बाहेर जातो. पण ज्याच्या गोठ्यात जनावरे आहेत त्याला धान्याइतकाच कडबा हवा असतो, आणि नवे वाण तेवढा कडबा देत नव्हते. अशा ठिकाणी विक्रेत्याने जाहिरात वाढवण्याऐवजी ही तक्रार वाण तयार करणाऱ्यांपर्यंत न्यायला हवी.