अमर्याद अप्रूव्हल: व्यवहार संपतो, परवानगी उरते

क्रिप्टो वॉलेट हॅक झालेलं नाही, सीड फ्रेज म्हणजे वॉलेट परत उघडून देणारी शब्दांची यादी कुणाच्या हाती लागलेली नाही, तरी एके दिवशी टोकन गायब. हे कसं होतं ते कळायला आधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. टोकन आपल्या वॉलेटमध्ये नसतातच. डॉलरशी जोडलेल्या यूएसडीसीसारख्या प्रत्येक टोकनचं स्वतःचं स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे ब्लॉकचेनवर चालणारा प्रोग्रॅम, असतं आणि कोणत्या पत्त्यावर किती टोकन आहेत याची वही त्या कॉन्ट्रॅक्टकडे असते. वॉलेट त्या वहीतली आपली नोंद दाखवतं, आणि ती बदलायची वेळ आली की आपली सही पुरवतं.

इथेरियम या ब्लॉकचेनवरची बहुतेक टोकन ईआरसी-20 या 2015 मध्ये मांडलेल्या मानकानुसार चालतात. या मानकात शिलकीच्या वहीसोबत आणखी एक वही असते. तिचं नाव `allowance`. कोणत्या मालकाने कोणत्या पत्त्याला आपले किती टोकन उचलायची मुभा दिली आहे, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं.

ही दुसरी वही लागते कशाला? समजा, आपल्याला 100 यूएसडीसी देऊन दुसरं टोकन घ्यायचं आहे. अदलाबदल करणाऱ्या कॉन्ट्रॅक्टकडे आपण यूएसडीसी थेट पाठवले, तर ते त्याच्या नावावर जमा होतील, पण त्या कॉन्ट्रॅक्टला त्याची खबरही लागणार नाही. कारण बदल झाला तो यूएसडीसीच्या वहीत. म्हणून उलटी पद्धत वापरतात. आधी आपण यूएसडीसीच्या कॉन्ट्रॅक्टला `approve` असा आदेश देऊन दुसऱ्या वहीत त्याची मुभा लिहायला लावतो. मग अदलाबदलीचं कॉन्ट्रॅक्ट `transferFrom` वापरून आपल्या नावावरचे टोकन स्वतः उचलतं आणि त्याच व्यवहारात मोबदला देतं. इथेरियमचं मूळ चलन इथर मात्र व्यवहारासोबतच पाठवता येतं, त्यामुळे त्याला अप्रूव्हल लागत नाही.

यूएसडीसीला सहा दशांश स्थळं असल्यामुळे 100 यूएसडीसीची परवानगी अशी लिहिली जाते:

```
approve(spender, 100000000)
```

`spender` म्हणजे उचलणाऱ्याचा पत्ता. एवढीच परवानगी दिली, तर अदलाबदल झाल्यावर वहीतला आकडा शून्यावर येतो आणि विषय संपतो. पण अनेक संकेतस्थळं इथे 100 ऐवजी त्या रकान्यात मावेल तेवढा मोठ्यात मोठा आकडा, म्हणजे 2²⁵⁶ − 1, भरून सही मागतात. हा आकडा 78 अंकी आहे. त्यातून 100 वजा झाले काय किंवा लाख, फरक पडत नाही. काही टोकन तर हा आकडा दिसला की वजाबाकी करतच नाहीत. हेच अमर्याद अप्रूव्हल.

या सवयीमागे कारण होतं, तेही सांगायला हवं. प्रत्येक अप्रूव्हल हा स्वतंत्र व्यवहार असतो आणि त्याला गॅस फी, म्हणजे व्यवहार नोंदवण्याचं नेटवर्कचं शुल्क, पडते. फी चढलेली असताना प्रत्येक वेळी ती नव्याने भरणं कुणालाच नको होतं. एकदाच सही घ्या, पुढे त्रास नको, हा विचार सोयीचा होता. पण या सोयीची किंमत नंतर चुकवावी लागते, आणि ती ग्राहकाला चुकवावी लागते.

वरचंच उदाहरण पुढे नेऊ. वॉलेटमध्ये 500 यूएसडीसी आहेत. अमर्याद परवानगी देऊन त्यातले 100 बदलून घेतले. वर्षभर त्या संकेतस्थळाकडे फिरकलो नाही. दरम्यान त्याच पत्त्यावर 4,000 यूएसडीसी आले. जुनी परवानगी या नव्या पैशांनाही लागू आहे, कारण तिच्यावर ना मुदत लिहिलेली आहे ना रकमेची मर्यादा. आता त्या कॉन्ट्रॅक्टमध्ये एखादी त्रुटी सापडली, तर 4,400 च्या 4,400 यूएसडीसी जाऊ शकतात. पहिल्या दिवशी 100 चीच परवानगी दिली असती, तर यातला एकही गेला नसता.

जुलै 2024 मध्ये लाय.फाय या सेवेच्या बाबतीत नेमकं असंच घडलं. ही सेवा वेगवेगळ्या ब्लॉकचेनमधली अदलाबदल जुळवून देते. तिच्या कॉन्ट्रॅक्टला नवे भाग जोडता येतात. तसा एक नवा भाग जोडला गेला आणि त्यात एक तपासणी राहून गेली. त्यामुळे कुणीही त्या कॉन्ट्रॅक्टकडून कोणत्याही पत्त्याला हवा तो आदेश देववू शकत होतं. हल्लेखोराने टोकनच्या कॉन्ट्रॅक्टला आदेश देववला: अमक्याचे टोकन माझ्याकडे पाठव. टोकनच्या कॉन्ट्रॅक्टने वही पाहिली. मागणारा पत्ता लाय.फायचा होता आणि त्याला अमर्याद मुभा होती. टोकन गेले. नुकसान सुमारे 1 कोटी 16 लाख डॉलरचं झालं आणि ते अमर्याद परवानगी देऊन ठेवलेल्यांचं झालं.

यात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते असं, की लोकांनी परवानगी दिली तेव्हा ही त्रुटी अस्तित्वातच नव्हती. त्या दिवशी कॉन्ट्रॅक्टचं कितीही कसून परीक्षण केलं असतं तरी ती सापडली नसती. परवानगी पत्त्याला दिली जाते, आणि त्या पत्त्यामागचा कोड नंतर बदलू शकतो. हार्डवेअर वॉलेटही इथे कामाला येत नाही. ते सही करणारी खाजगी किल्ली सांभाळतं. `transferFrom` ला आपली किल्ली लागतच नाही, सही आधीच झालेली असते.

परवानगी काढून घ्यायची पद्धत साधी आहे. त्यासाठी वेगळा आदेश नाही. त्याच वहीत, त्याच पत्त्यासमोर शून्य लिहायचं:

```
approve(spender, 0)
```

आपण कुणाकुणाला परवानगी दिली आहे ते इथरस्कॅनच्या `Token Approval Checker` वर किंवा `revoke.cash` वर पत्ता टाकून पाहता येतं. फक्त पाहायला सही लागत नाही. नोंदीसमोरचं `Revoke` दाबलं की वॉलेट सही मागतं. इथे घाई करू नये. मोठी चोरी झाली की परवानगी काढून देण्याच्या नावाखाली बनावट संकेतस्थळं उगवतात आणि नवीनच परवानगी उकळतात. म्हणून पडद्यावर दोन गोष्टी पाहाव्यात: व्यवहार टोकनच्या कॉन्ट्रॅक्टकडेच जातो आहे ना, आणि रकमेच्या जागी शून्य आहे ना. दुसरा कुठलाही आकडा दिसला तर सही करू नये.

प्रत्येक टोकन, प्रत्येक पत्ता आणि प्रत्येक ब्लॉकचेन यांची नोंद वेगळी असते, त्यामुळे शून्यही प्रत्येक ठिकाणी वेगळं लिहावं लागतं आणि दर वेळी थोडी गॅस फी जाते. ती त्या ब्लॉकचेनच्या मूळ चलनात, म्हणजे इथेरियमवर इथरमध्ये, भरायची असल्याने वॉलेटमध्ये थोडं ते चलन ठेवावं लागतं. संकेतस्थळावरून वॉलेट `Disconnect` केलं म्हणजे परवानगी गेली, असा समज फार पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. त्याने संकेतस्थळाला आपला पत्ता दिसेनासा होतो, टोकनच्या वहीतली नोंद तशीच राहते. गेलेले टोकन परवानगी काढून परत येत नाहीत, आणि सीड फ्रेजच फुटली असेल तर या उपायाचा काही उपयोग नाही. तेव्हा उरलेलं सगळं नव्या सीड फ्रेजच्या वॉलेटमध्ये हलवणं हाच मार्ग.

पुढच्या वेळी अप्रूव्हल देताना मेटामास्क या वॉलेटमध्ये `Spending cap` ही जागा पाहावी. तिथला आकडा बदलून हवा तेवढाच लिहिता येतो. काही टोकनमध्ये मात्र `permit` नावाची सोय असते. तिथे व्यवहार न करता, गॅस न भरता, नुसत्या सहीने परवानगी दिली जाते. ही सही कुणी वापरेपर्यंत टोकनच्या वहीत तिची नोंद होत नाही, म्हणून वरच्या यादीतही ती दिसत नाही. फी लागत नाही म्हणून अशी सही निर्धास्तपणे करू नये; तिच्या मजकुरातही `spender`, `value` आणि `deadline` लिहिलेले असतात, आणि ते वाचायची संधी सही करण्याआधीच असते.